बाबुश्काला ‘तू’ लिहिताना

प्रिय रेवा,

तुझं पत्र मिळालं. रशियात, त्व्येरला ज्यांच्याकडे राहिलीस त्यांना आभाराचं पत्र लिहायचंय आणि चार ओळींपुढे सरकत नाहीये, हे वाचून मला माझा मागच्या वर्षीचा आठवडा आठवला. दहा महिने ज्यांच्या घरी राहिले, त्यांना पहिल्या मसुद्यात मी एखाद्या कार्यालयाला लिहावं तसं लिहिलं होतं. ‘ब्लागादार्यू’ने, म्हणजे ‘आभार मानते’ने सुरुवात, आणि पुढे ‘वाम’, तुम्हाला. डोक्यात मराठी चालू होती, ‘तुम्हाला धन्यवाद’, म्हणून मी चतुर्थी लावली. पण ब्लागादार्यू द्वितीया मागतं, ‘वास’. चतुर्थी चालते ती ‘स्पासीबा’ला, रोजच्या बोलण्यातल्या ‘धन्यवाद’ला. आणि खरं तर मला स्पासीबाच हवं होतं. ब्लागादार्यू चुकीचं नाही, पण ते भाषणात, अर्जात, परक्या माणसासमोर जास्त शोभतं. जिने रोज माझ्या मोज्यांची काळजी केली, तिला ते कानाला लागलं असतं.

माझ्या रशियनच्या बाईंनी मसुदा वाचून एकच रचना हाती दिली: ‘स्पासीबा वाम झा तो, श्तो...’ म्हणजे ‘तुम्ही अमुक केलंत, त्याबद्दल’. नुसतं ‘सगळ्याबद्दल आभार’ लिहिलं की पत्र तिथेच संपतं. ‘श्तो’ लिहिलं की पुढे क्रियापद यावंच लागतं, आणि मग काय काय केलं ते आठवावं लागतं.

मला पहिल्यांदा आठवली ती ग्रेच्का, शिजवलेलं बकव्हीट. विद्यापीठातून उशिरा यायचे, बाहेर व्होल्गा गोठलेली, आणि बाबुश्काने, त्या घरातल्या आजीने, भांडं पांघरुणात गुंडाळून ठेवलेलं असायचं. झाकण काढलं की वाफ यायची. मी लिहिलं ‘अस्ताविला’. बाईंनी खाली रेघ मारली. अस्ताविला म्हणजे ठेवलीस, एकदा, झालं. रोजचं सांगायचं तर ‘अस्ताव्ल्याला’, ठेवायचीस. रेवा, क्रियापदाच्या जोड्या पाठ करताना आपण दोघी किती रडलो होतो! पण ‘ठेवलीस’ आणि ‘ठेवायचीस’ यातला फरक आपल्याला लहानपणापासून येतो. पत्रातलं प्रत्येक क्रियापद आधी मनात असं मराठीत म्हणून बघ. विणायला शिकवलं तिथे मात्र ‘नाउचीला’च लिही, कारण तू शिकलीस, ते पूर्ण झालं. तिथे ‘उचीला’ लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल, शिकवत होती, पण आलं की नाही कोण जाणे.

आठवण येते, हे लिहिताना मी ‘स्कुचायू’ आधीच दोनदा वापरलं होतं. मग ‘म्न्ये वास न्ये ख्वाताएत’ सापडलं. शब्दशः पाहिलं तर ‘मला तुमचं पुरत नाही’. इथेही ‘मला’च आहे, ‘मला थंडी वाजते’मधलं, ‘म्न्ये खोलद्ना’मधलं. हे वाक्य लिहिताना मला एकदाही कोश उघडावा लागला नाही.

मायना साधा ठेव. नाव आणि वडिलांच्या नावावरून आलेलं पितृनाम घालून लिहिलं की आदर दिसतो, पण दहा महिने एका ताटातलं खाल्ल्यावर ते जरा दूरचं वाटतं. मी ‘दोरोगीये मोई!’ लिहिलं, माझ्या प्रियजनांनो. त्यापुढे उद्गारचिन्ह दे, मग पुढची ओळ मोठ्या अक्षराने सुरू होते. आणि ‘व्ही’, म्हणजे ‘तुम्ही’, मोठ्या अक्षराने लिहू नकोस. ते एकाच व्यक्तीला आदराने लिहिताना. घरातल्या सगळ्यांना मिळून लिहिताना लहान अक्षर.

आता खरी अडचण सांगते. दहा महिन्यांत मी बाबुश्काला ‘ती’, म्हणजे ‘तू’, एकदाही म्हणू शकले नाही. ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, तू म्हण. घरातली नातवंडं म्हणायचीच. पण आपल्याकडे आजीला कुणी तू म्हणतं, कुणी अहो. आमच्या घरी अहोच. जीभ वळायची नाही. सगळ्यांना मिळून लिहिताना अनेकवचनामुळे प्रश्न आपोआप टळत होता. मग मला वाटलं, टाळायचं नाही. पत्र संपवून खाली तिच्यासाठी वेगळ्या चार ओळी लिहिल्या, आणि त्यात पहिल्यांदा ‘ती’ लिहिलं: ‘ती अस्ताव्ल्याला म्न्ये ग्रेच्कू पोद आद्यालम’. तू माझ्यासाठी ग्रेच्का पांघरुणाखाली ठेवायचीस. हात थरथरला, खरंच. खाली ‘त्वाया’ आणि माझं नाव. तुझी.

तूही हाताने लिही. अक्षर जोडून लिहिताना ‘त’ आणि ‘श’ सारखे दिसायला लागतात, म्हणून त वर आणि श खाली आडवी रेघ दे. वयस्कर माणसांना वाचायला बरं पडतं. ‘मी राहिले’चं ‘झिला’ तपास, ‘झिल’ लिहिशील तर मुलगा होशील.

पत्र पोचल्यावर बाबुश्काचा फोन आला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाली, सगळं बरोबर लिहिलंयस, फक्त एक चूक आहे. पांघरूण नव्हतं ते. माझा हिवाळ्याचा कोट होता.

मसुदा झाला की मला पाठव.

तुझी,
मुग्धा