आजोबांचा फाळ

कोल्हापूर,
दि. ९ जून

प्रिय अनंत,
सप्रेम नमस्कार.

बेंदूर तोंडावर आला म्हणून परवा माळा आवरायला काढला, तेव्हा पोत्यांच्या ढिगाखालून आजोबांचा लाकडी नांगर निघाला. मागच्या भेटीत तू विचारले होतेस, की नुसत्या काठीने जमीन उकरणारा माणूस बैलाच्या नांगरापर्यंत पोहोचला तरी कसा. तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली होती. आता तो नांगर अंगणात मांडून दोन दिवस न्याहाळल्यावर नीट लिहावेसे वाटते.

आधी काठीविषयी. टोक तासलेली, पुष्कळदा विस्तवावर शेकून कठीण केलेली काठी जमिनीत खुपसायची, तरफेसारखी दाबून ढेकूळ उचकटायचे, काठी बाहेर काढायची आणि पुढे सरकून पुन्हा खुपसायची. तिला वजन यावे म्हणून मधे भोक पाडलेला दगड ओवण्याची रीत अनेक ठिकाणी होती. कंद काढायला किंवा टोकण करायला ही काठी उत्तम. पण तिची खरी अडचण अशी, की प्रत्येक खुपसण्यानंतर काम थांबते. नांगराचा जन्म या थांबण्यावर उपाय म्हणून झाला, असे मला वाटते. काठी बाहेर न काढता, तिरकी जमिनीत ठेवून कोणीतरी पुढून ओढत राहिले, तर खड्ड्यांच्या ओळीऐवजी सलग तास पडतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात काठीला पाय ठेवण्याची खुंटी आणि मूठ बसवून तिचे उत्कृष्ट ‘पायनांगर’ झाले. पण ओढायला बैल नसल्यामुळे तिथला शेतकरी काठी ओढण्याकडे वळला नाही, एक-एक ढेकूळ उलटवत मागे सरकत राहिला. काठी तीच, पण जनावर जवळ असण्या-नसण्याने वाट बदलली. आपल्याकडच्या वशिंडाच्या बैलाच्या मानेवर तर जू असे काही बसते, की जणू निसर्गाने त्याची बैठकच करून ठेवली आहे.

ओढण्याची कल्पना फार जुनी आहे. मेसोपोटेमियातील अगदी आरंभीच्या चित्रलिपीत, म्हणजे पाच हजार वर्षांपूर्वी, नांगराचे चिन्ह सापडते. आपल्या बाजूला राजस्थानातील कालीबंगा येथे इ.स.पू. २८०० च्या सुमारास नांगरलेले शेतच उत्खननात मिळाले. त्यात एका दिशेचे तास सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर, तर त्यांना छेदणारे तास जवळजवळ १९० सेंटिमीटर अंतरावर आहेत. त्या भागातले शेतकरी उत्खननाच्या वेळीही अशाच जाळीत एका दिशेला कडधान्य आणि दुसऱ्या दिशेला मोहरी पेरत होते, हे उत्खनन करणाऱ्यांना जवळच्या शेतांतच पाहायला मिळाले. हे तास लोखंडाच्या फाळाने पडलेले नाहीत, हे मात्र ध्यानात ठेव. लोखंड यायला अजून हजाराहून अधिक वर्षे अवकाश होता.

आता आपल्या अंगणातल्या नांगराकडे येतो. बाभळीचे वाकडे खोड, त्यात पाचरीने बसवलेले लांब हळस, म्हणजे जुवापर्यंत जाणारा दांडा, मागे रुमणे आणि त्यावर मूठ, एवढाच पसारा. खोडाच्या चोचीवर लोखंडी फाळ आहे आणि तो वसूने, म्हणजे लोखंडी कड्याने, घट्ट धरला आहे. मी आजवर समजत होतो, की फाळ म्हणजे चोचीवर चढवलेली टोपी. वसू ठोकून सैल केला तेव्हा कळले, की ती एक लांब पहार आहे, जिचे जेमतेम चार बोटे टोक बाहेर आणि बाकीचा भाग लाकडाच्या खाचेत मागे गेलेला. जमिनीतली वाळू लोखंडही खाते; टोक झिजले, की वसू सैल करून फाळ थोडा पुढे सारायचा, पुन्हा ठोकायचा. फार बोथट झाला तर लोहाराच्या भट्टीत लाल करून ठोकून टोक काढायचे आणि पाण्यात बुडवायचे. तापवलेला फाळ पाण्यात टाकला की चरचरतो, ही उपमा सुत्तनिपात या पाली बौद्ध ग्रंथातील कसिभारद्वाज सुत्तात आली आहे. म्हणजे लोहाराचा हा आवाज तेव्हाच्या श्रोत्यांच्या कानांत किती मुरलेला असेल, पाहा. आजोबांचा फाळ मी मोजला, तो फक्त नऊ इंच भरला. थोरल्या काकांना आठवते, की नवा आणला तेव्हा तो हातभर होता. उरलेला अर्धा फाळ पंचगंगेकाठच्या आमच्या मळ्यात विरघळला आहे.

यातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. लोखंड हा मुख्य शोध नव्हे. टोक वेगळे करून ते बदलता येईल असे बसवणे, हा मुख्य शोध आहे. डेन्मार्कमधील डोनेरुपलुंड येथील दलदलीत एक लाकडी नांगर सापडला, त्याचा पुढचा फाळसुद्धा लाकडाचाच, स्वतंत्र आणि झिजलेला आहे. झिजणारा भाग निराळा काढला, की अख्खे खोड फेकावे लागत नाही. ही खाच तयार असल्यावर लोखंडाने फक्त त्यात येऊन बसायचे होते. लोखंड महाग असे, म्हणून ते टोकापुरतेच. सारा नांगर लोखंडाचा करण्याची ऐपत कोणाचीच नव्हती. उत्तर प्रदेशातील जखेडा येथे इ.स.पू. पहिल्या सहस्रकातला लोखंडी फाळ मिळाला आहे. ऋग्वेदात मात्र ‘लांगल’ आणि ‘फाल’ हे दोन्ही शब्द आधीच भेटतात, आणि आपला ‘नांगर’ त्या लांगलातूनच आला. तो शब्दही मुळात आर्यभाषांचा नसून मुंडा कुळातल्या भाषांकडून, काठीच्या अर्थाकडून आला असावा, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. तसे असेल तर आपण अजूनही काठीलाच हाक मारतो आहोत.

टोक बोथट झाले हे कसे ओळखायचे, ते काकांनी सांगितले. बैल नेहमीच्या बळाने ओढत असतात, पण नांगर जमिनीत शिरण्याऐवजी वर उसळतो, आणि नांगऱ्याला रुमण्यावर ओणवे होऊन सगळे अंग टाकावे लागते. लाकडी टोकाच्या काळात हा प्रसंग रोजचाच असणार. खोली राखण्याची युक्ती मात्र टोकात नसून हळसात आहे: जू हळसावर पुढे सरकवून बांधले की फाळाचे नाक खाली वळते आणि नांगर खोल जातो, मागे घेतले की नाक वर येते आणि तास उथळ पडतो. मी दोरी धरून अंगणातच हे करून पाहिले, आणि चार बोटे सरकवल्यानेही केवढा फरक पडतो, ते पाहून थक्क झालो.

अर्थात हा नांगर जमीन फाडतो, उलटवत नाही. तासाचा आकार खाली निमुळता, त्यामुळे दोन तासांच्या मधे न नांगरलेली वरंबी राहते. म्हणून उभी नांगरट झाली की आडवी करावीच लागे. काळ्या रानात हरळी आणि कुंदा माजला, तर एका जोडीचे काम नसे. जड नांगराला सहा-आठ बैल जुंपून मुळे उपसावी लागत. लोखंडी टोकाने शिरणे सोपे केले, पण माती पालथी घालणे त्याच्या आवाक्याबाहेरच राहिले.

काकांना तो नांगर बेंदराला पूजेत मांडायचा आहे. वसू परत बसवताना मात्र फाळ पुढे सारायचा की तसाच ठेवायचा, यावर आमचा वाद चालू आहे. मी म्हणतो, तसाच असू द्या. ते म्हणतात, मागे गेलेल्या टोकाने नांगर पूजेतसुद्धा बरा दिसत नाही. तू येशील तेव्हा निकाल दे.

तुझा,
दत्ता