विषय: ड्युटी लिस्टची कॅलेंडर फाइल साडेपाच तास चुकते, दुरुस्त करा, नाहीतर वर्षाचे पैसे परत करा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा आणि उत्पादन विभाग

महोदय,

तुमच्या माणसाशी आत्ताच फोनवर बोलून झालं. त्याने तक्रार 'सोडवलेली' म्हणून बंद केली आहे. ती सुटलेली नाही, म्हणून आता थेट तुम्हाला लिहीत आहे.

आमचं सातारा जिल्ह्यातलं छोटं खासगी रुग्णालय आहे. नर्सिंगची ड्युटी लिस्ट मी बघते. मॉर्निंग आठ ते दोन, इव्हिनिंग दोन ते रात्री आठ, नाइट रात्री आठ ते सकाळी आठ. यापेक्षा साधी लिस्ट कुठल्याही रुग्णालयात नसेल. तुमचं सॉफ्टवेअर आम्ही एकाच गोष्टीसाठी घेतलं. लिस्ट एकदा भरली की प्रत्येक सिस्टरच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये तिची ड्युटी आपोआप दिसेल, असं तुमच्या विक्रीच्या माणसाने आमच्या ऑफिसात बसून सांगितलं होतं. 'आपोआप' हा त्याचाच शब्द.

तुम्ही देता ती .ics फाइल आम्ही नोटपॅडमध्ये उघडून बघितली. ती साधी अक्षरांची फाइल असते, कोणालाही वाचता येते. आयसीयूची 19 ऑक्टोबर 2025 ची नाइट तुमच्या फाइलमध्ये अशी आहे:

```
BEGIN:VEVENT
UID:8f3c1a77-d04b
DTSTAMP:20251016T093000Z
DTSTART:20251019T200000Z
DTEND:20251020T080000Z
SUMMARY:Night - ICU
END:VEVENT
```

DTSTART च्या शेवटचा Z बघा. त्याचा अर्थ ही वेळ यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे. भारत त्याच्या साडेपाच तास पुढे. फोन त्याचं काम चोख करतो, वीस वाजण्यात साडेपाच तास मिळवतो आणि 20 तारखेच्या पहाटे दीड ते दुपारी दीड अशी ड्युटी दाखवतो. म्हणजे तुमच्याकडे वेळ भारतीयच साठवलेली आहे, आणि फाइल बनवताना कोणीतरी तिच्यामागे Z चिकटवून दिला आहे. तुमच्या स्क्रीनवर लिस्ट बरोबर दिसते कारण तिथे आकडा जसाच्या तसा छापला जातो. चूक फक्त एक्सपोर्टमध्ये आहे. तिथे असं हवं होतं:

```
DTSTART:20251019T143000Z
DTEND:20251020T023000Z
```

वेळा चुकीच्या दिसतात हे आम्ही पहिली लिस्ट फोनमध्ये घेतली त्याच दिवशी कळवलं होतं. मॉर्निंग दुपारी दीडला दिसत होती, इव्हिनिंग संध्याकाळी साडेसातला. तुमच्याकडून लेखी उत्तर आलं की वेळेकडे दुर्लक्ष करा, तारीख आणि ड्युटीचं नाव बघा. आमच्या सिस्टरनी तेच केलं. मॉर्निंग आणि इव्हिनिंगला ते चालूनही गेलं, कारण साडेपाच तास पुढे सरकूनही त्यांची तारीख बदलत नाही. नाइटची तारीख मात्र बदलते. महिन्याच्या चौकटीत तर वेळ नीट दिसतही नाही, फक्त 20 च्या घरात Night - ICU अशी पट्टी दिसते आणि 19 चं घर रिकामं.

दिवाळीत काय झालं ते आता वाचा. 20 ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. 19 ची नाइट ज्या सिस्टरला होती तिला पहाटे घरी अभ्यंगस्नानाला लेकरांजवळ असायचं होतं. दुसऱ्या सिस्टरने 'दिवाळीतली तुझी नाइट मी घेते' असं सांगितलं. इन्चार्ज सिस्टरनी अदलाबदल तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मंजूर केली आणि दोघींना नवीन फाइल पाठवली. घेणारीने फोन उघडला, तुम्ही सांगितलं होतं तसं तारीख आणि नाव बघितलं, आणि तिला 20 ची नाइट दिसली. 19 ला रात्री आठ वाजता आयसीयूत कोणी आलं नाही. तिचा फोन लागेना. दुपारी दोनला आलेली इव्हिनिंगची सिस्टर सकाळी आठपर्यंत थांबली. सलग अठरा तास, व्हेंटिलेटरवरचा पेशंट असताना, आणि तिच्याही घरी दिवाळी होती. 20 ला रात्री आठ वाजता दुसरी सिस्टर डबा घेऊन ड्युटीवर हजर झाली. तिला काय बोलणार? तिचं काहीच चुकलं नव्हतं.

जिची नाइट काढली होती तिच्या फोनमध्ये जुनी नाइट तशीच होती. नुसती नवीन फाइल घेऊन जुनी नोंद जात नाही, आणि त्यात तुमची दुसरी चूक भर घालते. प्रत्येक नोंदीला UID म्हणून ओळख असते. कॅलेंडर फाइलचं प्रमाण आरएफसी 5545, ते 2009 पासून इंटरनेटवर कोणालाही वाचायला खुलं आहे. ही ओळख कायम टिकणारी असावी, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. तीच ओळख पुन्हा आली की फोनला कळतं की ही जुनीच ड्युटी आहे, नवीन नाही. तुमचं सॉफ्टवेअर दर एक्सपोर्टला नवीन UID तयार करतं. आम्ही एकाच सिस्टरची, काहीही न बदलता, लागोपाठ दोनदा काढलेली फाइल शेजारी ठेवून बघितली. ड्युट्या त्याच, UID सगळे वेगळे. म्हणून नवीन फाइल घेतली की न बदललेल्या ड्युट्या दोन-दोनदा दिसतात. रद्द झालेली ड्युटी तर नवीन फाइलमध्ये नसतेच, त्यामुळे फोनमधली तिची जुनी नोंद जागची हलत नाही.

आता त्या फोनबद्दल. तुमच्या सपोर्टच्या माणसाला मी हे सगळं शांतपणे सांगितलं. 19 तारखेला काय झालं तेही सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "मॅडम, फाइल व्हॅलिड आहे. आम्ही व्हॅलिडेटरमध्ये टाकून बघितली, एकही एरर नाही." मी म्हटलं, मांडणी बरोबर असेल, वेळ खोटी आहे, व्हॅलिडेटरला आमची नाइट किती वाजता सुरू होते हे कसं कळणार? तो म्हणाला, "मग तुमच्या स्टाफला फोनचा टाइम झोन लंडन करायला सांगा." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. मी विचारलं, आमच्या बायकांनी साताऱ्यात राहून फोन लंडनच्या वेळेवर ठेवायचा? पहाटे साडेपाचचा गजर लावायचा तर रात्री बाराचा लावायचा? पोरांच्या शाळेच्या वेळा, एसटीच्या वेळा, सगळ्यांत साडेपाच तास वजा करत बसायचं? तो म्हणाला, "एकदा सवय झाली की होतं, मॅडम."

आणि तुमच्या माहितीसाठी, तो उपायसुद्धा चुकीचा आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडनचं घड्याळ यूटीसीच्या एक तास पुढे असतं. 19 ऑक्टोबरला लंडन लावलं असतं तर आठची नाइट नऊला दिसली असती. मी हे त्याला सांगितलं. त्याने थोडा वेळ काहीच उत्तर दिलं नाही. मग विचारलं, "मॅडम, तुमच्या नर्सना कॅलेंडर नीट वाचता येतं ना? इतर कुठल्या ग्राहकाची अशी कम्प्लेंट नाही."

वाचता येतं. त्या मिलिलिटरमध्ये औषध मोजतात, थेंबांचा हिशेब लावतात आणि दर तासाला वेळ घालून चार्ट लिहितात. वेळ कशी लिहायची हे या रुग्णालयात त्यांच्याइतकं कोणालाच कळत नाही. तुमच्या कंपनीने ज्यांना खोटी वेळ दिली त्यांनाच तुमच्या कंपनीने अडाणी ठरवलं. हे वाक्य मी विसरणार नाही आणि या पत्रातून काढणारही नाही.

आम्हाला काय हवं ते आता लेखी घ्या. Z ची चूक आधी दुरुस्त करा. वेळ यूटीसीत नीट बदलून द्या किंवा Asia/Kolkata हा टाइम झोन त्याच्या व्याख्येसकट फाइलमध्ये लिहा. UID प्रत्येक ड्युटीच्या कायम क्रमांकावरून बनवा, दर वेळी नवा नको. पण खरं काम यापुढचं आहे. फाइल डाउनलोड करून इम्पोर्ट करणं म्हणजे 'आपोआप' नव्हे. इम्पोर्ट ही त्या क्षणाची नक्कल असते, नंतर लिस्टमध्ये काय बदललं हे तिला कधीच कळत नाही. त्यातून गूगल कॅलेंडरमध्ये फाइल इम्पोर्ट करायला कॉम्प्युटर लागतो, आणि आमच्या अर्ध्या सिस्टरकडे घरी कॉम्प्युटर नाही. प्रत्येक सिस्टरला तिची स्वतंत्र सबस्क्रिप्शन लिंक द्या. ती एकदा जोडून देण्याचं काम आम्ही आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून करू. मग फोन स्वतःच ठरावीक वेळाने ताजी यादी आणतो, आणि यादीतून गेलेली ड्युटी कॅलेंडरमधूनही जाते. लिंक अंदाजाने सापडणार नाही एवढी लांब असू द्या आणि सिस्टर नोकरी सोडून गेली की ती आमच्याकडून बंद करता आली पाहिजे. ज्याच्या हाती लिंक पडेल त्याला एखादी बाई रात्री घरी असते की नसते हे कळतं. हा विषय आमच्यासाठी किरकोळ नाही.

लिंक दिली तरी बदल लगेच दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. गूगल कॅलेंडर बाहेरची लिंक काही तासांनी आपल्या सवडीने तपासतं आणि तो वेग वापरणाऱ्याला बदलता येत नाही. ऐन वेळची अदलाबदल आम्ही फोन करूनच कळवू. तुमच्याकडून चमत्कार कोणी मागत नाही. काही दिवस आधी मंजूर झालेली नाइट योग्य तारखेला दिसावी एवढंच मागत आहोत.

सध्या ड्युटी लिस्ट पुन्हा कागदावर छापून नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर लावली आहे, आणि सिस्टर जाता-येता तिचा फोटो काढून नेतात. तुमचं सॉफ्टवेअर येण्याआधी हेच चालू होतं. तेव्हा नाइट कधी चुकली नव्हती आणि त्याचे पैसेही लागत नव्हते.

या महिनाअखेरीपर्यंत दुरुस्त फाइल आणि लिंक दोन्ही मिळाल्या नाहीत, तर नूतनीकरण होणार नाही, भरलेल्या वर्षाचे पैसे परत मागू आणि पुढचा पत्रव्यवहार आमचे वकील करतील. 'वेळेकडे दुर्लक्ष करा' असं सांगणारं तुमचं उत्तर जपून ठेवलं आहे. जिल्ह्यातल्या इतर रुग्णालयांच्या मेट्रन माझ्या ओळखीच्या आहेत आणि त्यांच्यापैकी दोघींनी तुमच्या सॉफ्टवेअरबद्दल मला विचारलं आहे. त्यांना मी हीच फाइल नोटपॅडमध्ये उघडून दाखवणार आहे.

त्या सपोर्टच्या माणसाने जे विचारलं त्याबद्दल लेखी माफी हवी आहे. ती मला नको, अठरा तास उभ्या राहिलेल्या सिस्टरच्या नावाने पाठवा. नाव मागा, कळवते.

नर्सिंग अधीक्षक

सोबत: 16 ऑक्टोबरची मूळ .ics फाइल, एकाच सिस्टरच्या लागोपाठ काढलेल्या दोन फाइली, दोन्ही फोनच्या स्क्रीनचे फोटो, तुमचं लेखी उत्तर