साहेबांच्या निरोपाचं भाषण दोन्हीकडे पोचवल्याबद्दल

परचेसच्या ताईंना,

स. न. वि. वि.

निरोप समारंभाला आठवडा झाला, तरी शिरोलीतल्या आपल्या फाउंड्रीत अजून तुमच्या इंग्रजीचीच चर्चा आहे. म्हटलं, आभार चारचौघांतच मानावेत.

भाषण मी लिहिलं ते आपल्या कोल्हापुरी थाटात. समोर जर्मनीचे दोघे आणि जपानचे एक पाहुणे बसणार, हे माहीत होतं; पण वाक्याला वाक्य इंग्रजी केलं की झालं, अशी माझी समजूत. तुम्ही कागद हातात घेतलात आणि आधी प्रश्नच विचारलेत.

पावसाळ्यात रात्रपाळीला लाइट गेली, तो प्रसंग मी पानभर लिहिला होता. भट्टीत लोखंड वितळलेलं, साधारण चौदाशे अंशांवर. तांब्याच्या कॉइलमधून पाणी फिरायचं थांबलं तर कॉइल जळते, आणि लोखंड आत थिजलं तर भट्टीच फोडायची वेळ. साहेबांनी आधी वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला लावला, मग डिझेल पंप, मग भट्टी कलवून माल खड्ड्यात ओतला. इंग्रजीत तुम्ही हे चार ओळींत बसवलंत. “पाहुणे फाउंड्रीवालेच आहेत, त्यांना धोका सांगावा लागत नाही,” म्हणालात.

उलट खांडेनवमीचं मी एकाच ओळीत उरकलं होतं. तिथं तुम्ही तीन वाक्यं वाढवलीत: त्या दिवशी हत्यारांची, मशीनची पूजा होते, भट्टीला हार घालतात, आणि साहेब दरवर्षी पूजेचा मान सगळ्यात नव्या हेल्परला द्यायचे. जपानी पाहुण्यांनी मान डोलावली ती नेमकी इथं.

पाहुण्यांनाही इंग्रजी परकीच, म्हणून तुम्ही वाक्यं आखूड ठेवलीत. ‘अडीच लाख कास्टिंग’चे दोनशे पन्नास हजार केलेत, लाखाचा हिशेब बाहेर कुणाला कळतोय? माझ्या प्रतीवर दर दोन-तीन वाक्यांनी पेन्सिलीची रेघ मारून दिलीत, की इथं थांबायचं, म्हणजे तेवढं तुम्ही इंग्रजीत सांगणार. भाषण दुप्पट लांबणार म्हणून माझ्या दोन कविताही उडवल्यात. (एक चांगली होती, हे अजूनही माझं मत आहे.)

छापील इंग्रजी प्रती आधी वाटू दिल्या नाहीत, तेव्हा मला नवल वाटलं होतं. कारण हॉलमध्ये समजलं. “काय रे, चिरा पाडायचा मुहूर्त काढून आलास का?” हा साहेबांचा ठेवणीतला डायलॉग मी म्हटला, आपली पोरं हसली, तुम्ही मुहूर्त म्हणजे भटजींनी काढून दिलेली शुभ वेळ, असं सांगून तो इंग्रजीत म्हटलात आणि पाहुणे हसले, तशी पोरं पुन्हा हसली. कागद हातात असता तर पाहुणे आधीच वाचून मोकळे झाले असते.

साहेबांनी दोन्ही प्रती मागून घेतल्यात. इंग्रजीवर तुमचं नाव कुठंच नाही. मी पेनानं लिहून देतोय, चालेल ना?

आपला,
मोल्डिंग लाइनचा सुपरवायझर