‘सर्वोत्तम दहा दिवस’: हिशेबाची दुसरी बाजू

संपादक महोदय,

आपल्या अर्थविषयक पानावरील लेखात ‘बाजारातले सर्वोत्तम दहा दिवस हुकले की परतावा निम्मा होतो’ असे एका तक्त्याच्या आधारे म्हटले आहे आणि म्हणून घाबरून शेअर विकू नका, ‘बसून राहा’, असा सल्ला दिला आहे. विधान खरे आहे, पण त्यामागचा हिशेब लेखात आलेला नाही. मी आयुष्यभर गणित शिकवले, त्यामुळे अर्धवट सोडवलेले उदाहरण पाहिले की हात शिवशिवतात.

समजा, १०० रुपये वर्षाला १० टक्के दराने २० वर्षे वाढले, तर त्यांचे सुमारे ६७३ होतात. या काळात बाजार साधारण पाच हजार दिवस उघडा असतो. त्यातले प्रत्येकी ७ टक्के वाढीचे दहा दिवस वगळले, तर ६७३ ला १.०७ ने दहा वेळा भागावे लागेल. उरतात ३४२. वार्षिक दर १० वरून सव्वासहा टक्क्यांच्या आसपास येतो. चक्रवाढीत प्रत्येक दिवस गुणक असतो, म्हणून पाच हजारांतले दहाच दिवस एवढे महाग पडतात.

आता हाच हिशेब उलटा करून पाहू. प्रत्येकी ७ टक्के घसरणीचे दहा दिवस टाळता आले, तर ६७३ चे १,३९० च्या घरात जातात. म्हणजे वाईट दिवस चुकवण्याचा फायदा चांगले दिवस हुकण्याच्या तोट्याहून मोठा आहे! आणि दोन्ही प्रकारचे दहा-दहा दिवस गाळले, तर हाती ७०७ येतात, म्हणजे काहीच न गाळता मिळणाऱ्या ६७३ पेक्षा किंचित जास्तच. फक्त चांगले दिवस गाळून केलेला तक्ता त्यामुळे पुरावा म्हणून लंगडा पडतो. नेमके सर्वोत्तम दहा दिवसच हुकावेत इतका कमनशिबी माणूस सहसा नसतो.

तरीही मी लेखकाच्याच बाजूने आहे. माझे कारण मात्र वेगळे आहे: चांगले आणि वाईट दिवस एकमेकांना चिकटून येतात. अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाचा मार्च २०२० पाहा. १२ तारखेला तो एका दिवसात साडेनऊ टक्के कोसळला आणि २,४८० वर बंद झाला. त्या संध्याकाळी घाबरून कुणी सगळे विकले असे धरू. दुसऱ्याच दिवशी निर्देशांक ९.३ टक्के वर गेला. सोमवारी, १६ तारखेला, तो १२ टक्के पडला तेव्हा आपला गडी खूश झाला असणार. २३ तारखेला निर्देशांक २,२३७ वर आला. विकण्याचा निर्णय अगदी अचूक ठरल्यासारखे त्याला वाटले असेल.

पण काम अजून अर्धेच झाले होते, कारण परत शिरायचे बाकी होते. २४ तारखेला निर्देशांक ९.४ टक्के चढला. २६ तारखेला सकाळी बातमी आली की एका आठवड्यात सुमारे ३३ लाख अमेरिकनांनी बेकारी भत्त्यासाठी अर्ज केले आहेत, तोवरचा हा उच्चांक होता. त्याच दिवशी बाजार आणखी सहा टक्के वर जाऊन २,६३० वर बंद झाला. अशी बातमी वाचून खरेदीला कोण धजावेल? सावध माणूस ‘जरा स्थिरस्थावर होऊ दे’ असेच म्हणेल. १ एप्रिलला निर्देशांक एकदा २,४७० वर बंद झाला, म्हणजे विकलेल्या पातळीहून दहा अंक खाली परत शिरण्याची शेवटची संधी मिळाली. ६ एप्रिलपासून त्याने ती पातळी पुन्हा दाखवली नाही आणि ऑगस्टमध्ये जुना उच्चांकही ओलांडला.

या गृहस्थाने १२ तारखेची घसरण पूर्ण सोसली आणि त्यानंतरची उसळी मात्र सोडली. त्याने दोन्ही प्रकारचे दिवस गाळले असते, तर ७०७ च्या हिशेबाप्रमाणे फारसे बिघडले नसते. पण भीती वाईट दिवस येऊन गेल्यावर जागी होते आणि धीर चांगला दिवस उलटून गेल्यावर येतो. २००८ च्या ऑक्टोबरातही चांगले आणि वाईट दिवस असेच चिकटून आले: १३ तारखेला साडेअकरा टक्के वाढ आणि दोनच दिवसांनी नऊ टक्के घसरण.

एक पथ्य लेखात हवे होते. ‘बसून राहा’ हा सल्ला वर्षा-दोन वर्षांत लागणाऱ्या पैशासाठी नाही. शिवाय ‘दीर्घकाळ’ कधी कधी फारच दीर्घ निघतो. जपानच्या निक्केई निर्देशांकाने १९८९ च्या डिसेंबरात गाठलेला उच्चांक ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. (लाभांश यात धरलेला नाही, पण चौतीस वर्षे ती चौतीस वर्षेच.) एकाच बाजारात सगळी रक्कम घालून तिथे बसलेल्यांना संयमाचे फळ फार उशिरा मिळाले.

पुढच्या वेळी असा तक्ता छापाल, तेव्हा त्यात ‘वाईट दहा दिवस वगळून’ आणि ‘दोन्ही वगळून’ असे दोन रकाने वाढवावेत, ही विनंती. जागा कमी पडत असेल, तर माझे पत्र खुशाल छाटावे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक