गेल्या मंगळवारी तू काय केलंस?

कोल्हापूर

प्रिय मंद्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "जाहिरात बदलली म्हणजे नेमकं काय केलंत?" आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. तुमच्याकडचीही जागा दोन महिने भरत नाहीये म्हणालास, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दूध संकलन केंद्रांचं आपलं सॉफ्टवेअर सांभाळायला माणूस हवा होता. त्यासाठीची आमची जुनी जाहिरात अशी होती: 'डायनॅमिक, सेल्फ-स्टार्टर रॉकस्टार डेव्हलपर हवा. फास्ट-पेस्ड वातावरण. रिअ‍ॅक्ट, पायथन, डॉकर, कुबरनेटीस. 5 वर्षांचा अनुभव. पगार: इंडस्ट्री स्टँडर्ड.' यातलं कुबरनेटीस आमच्या ऑफिसात कुणी उघडूनही पाहिलेलं नाही. साहेबांनी कुठल्या तरी मोठ्या कंपनीची जाहिरात समोर ठेवून ही लिहिली होती. पुण्याचा एक हुशार मुलगा ती वाचून आला. तिसऱ्या आठवड्यात पहाटे सहाला त्याला दूध संकलन केंद्रावरून फोन: "साहेब, फॅट मशीनचं रीडिंग कॉम्प्युटरवर येईना, बाहेर लाइन लागलीय." तीन महिन्यांत तो गेला. त्याला तरी काय बोलणार?

मग जाहिरात माझ्याकडे आली. 'कसा माणूस हवा' हा प्रश्न मी विचारलाच नाही, कारण त्याचं उत्तर सगळीकडे सारखंच येतं: मेहनती, हुशार, टीममध्ये मिसळणारा. त्याऐवजी हेच काम आठ वर्षं करणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला चहाला बसवलं आणि म्हटलं, "गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंस ते सांग." शिवाय महिनाभराच्या तक्रारींचं रजिस्टर घेऊन बसलो.

निम्म्याहून जास्त फोन एकाच जातीचे निघाले. केंद्रचालक झाडलोट करताना मशीनची वायर काढतो आणि दुसऱ्या यूएसबी खाचेत घालतो. मग विंडोज त्याच मशीनला COM3 ऐवजी COM5 म्हणायला लागतं आणि आपलं सॉफ्टवेअर COM3 वरच वाट बघत बसतं. दुसरं काम दरपत्रकाचं. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागाला धरून ठरतो, त्याच्या खालीवर पैसे कमीजास्त. संघाने दर बदलला की नवा तक्ता सकाळचं संकलन सुरू व्हायच्या आत चढवावा लागतो, नाहीतर शेकडो पावत्या चुकीच्या निघतात. तिसरं, दर दहा दिवसांची बिलं. नवीन कोड लिहिणं म्हणशील तर आठवड्यातून फार तर दोन दिवस. आणि आम्ही शोधत होतो रॉकस्टार!

नव्या जाहिरातीतला मधला भाग तसाच उतरवतो:

'आठवड्यातले तीन दिवस केंद्रांचे फोन घ्यायचे आणि दूरून त्यांच्या कॉम्प्युटरवर जाऊन दुरुस्ती करायची. दोन दिवस सी शार्प आणि एसक्यूएलमध्ये बिलांच्या प्रोग्रामवर काम. तीन आठवड्यांतून एक आठवडा सकाळी साडेपाच ते साडेआठ फोन तुमच्याकडे. त्या आठवड्यात दुपारी दोनला सुट्टी. आम्ही चौघं आहोत. एक जण आठ वर्षं हेच करतोय, पहिला महिना त्याच्या शेजारी बसायचं. एसक्यूएल आणि मराठीत न चिडता फोनवर बोलणं यायला हवं. दुधाचं गणित आम्ही शिकवू. आधीचा माणूस गेला कारण पहाटेच्या फोनबद्दल आम्ही त्याला सांगितलं नव्हतं.'

खाली पगाराचा आकडा, इतक्यापासून इतक्यापर्यंत.

शेवटच्या वाक्यावर आणि आकड्यावर साहेब अडले. "आपलीच लाज कशाला काढायची?" वाक्य मी रेटून ठेवलं. आकड्यावर जास्त खडाजंगी झाली, कारण आत बसलेल्यांपैकी एकाला त्याहून कमी मिळत होतं. आधी त्याचा पगार वाढवावा लागला, मग जाहिरात निघाली. तुमच्याकडेही हे आधी तपासून घे.

अर्ज पूर्वीपेक्षा बरेच कमी आले. साहेब दोन दिवस गप्प होते. पण ज्यांना पहाट जमणार नव्हती त्यांनी फोनवरच सांगून टाकलं, मुलाखतीचा वेळ वाचला. आलेल्यांचे प्रश्नही बदलले. गडहिंग्लजकडची एक मुलगी बसल्या बसल्या म्हणाली, "दरपत्रक एक्सेलमध्ये येतं की कागदाचा फोटो येतो?" मी साहेबांकडे बघितलं. फोटोच येतो रे! आणि तो हाताने टाइप करताना होणाऱ्या चुका हे आमचं सगळ्यात जुनं दुखणं. तिलाच घेतलं.

एक मात्र राहून गेलं. बिलाच्या रात्री उशीर होतो, हे लिहायला मीच विसरलो. पहिल्याच महिन्यात एकवीस तारखेला रात्री दहा वाजता तिने शांतपणे विचारलं, "हे जाहिरातीत नव्हतं ना?" पुढच्या वेळेसाठी ते वाक्य घालून ठेवलंय.

तुझी जाहिरात पाठव. त्याच्या आधी, त्या खुर्चीवर जो बसत होता त्याचा एक मंगळवार लिहून पाठव. तो सोडून गेला असेल तरी फोन कर, सांगेल तो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंड्या