नातवाचे मनापासून आभार

मला यजमानांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंदा केंद्रावरच्या यंत्रावर माझा अंगठा जुळेना. वयामुळे बोटांच्या रेघा झिजल्यात. आता पेन्शन थांबणार, या धास्तीने घरी परतले.

नातवाने मोबाइलवर हयातीचा दाखला देण्याचं 'जीवन प्रमाण' आणि आधारचं चेहरा ओळखणारं अ‍ॅप घेतलं. आधी स्वतःच्या आधारने ऑपरेटर म्हणून नोंद केली, मग माझी सुरू केली. फोन मात्र माझ्याच हातात ठेवला. "आजी, तू टाइप कर, मी वाचतो," म्हणाला. पेन्शनच्या आदेशाचा पीपीओ क्रमांक पासबुकाशी एकेक आकडा ताडून घेतला. ओटीपीची वेळ टळली तेव्हा शांतपणे नवा मागवला. पुनर्विवाहाचा प्रश्न आला तेव्हा तो थांबला, हलक्या आवाजात वाचला आणि 'नाही'वर मलाच बोट ठेवू दिलं. हे मी विसरणार नाही.

फोटो मात्र घेईना. खिडकी माझ्या पाठीशी होती, त्यामुळे चेहरा काळवंडत होता. त्याने खुर्ची उजेडाकडे फिरवली, चष्मा काढायला लावला आणि डोळे मिटून उघडायला सांगितलं. या वेळी जमलं! थोड्या वेळाने दाखल्याच्या क्रमांकाचा, म्हणजे प्रमाण आयडीचा मेसेज आला. "पेन्शनखात्याने तपासलं की झालं. मी बघत राहीन," एवढंही त्याने सांगून ठेवलं.

बाळा, दुसऱ्या दिवशी तुझी परीक्षा होती, तरी एकदाही घड्याळ बघितलं नाहीस. तुझे खूप खूप आभार.