लाल पट्टी आणि दुपारची गोळी

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

मंगळवारी रात्री फोनवर माझा आवाज चढला, बाबा, त्याबद्दल आधी माफी मागते. मी घाबरले होते. आई सहज म्हणाली, "अगं, यांनी त्या मोबाइलचं ऐकून दुपारची गोळी बंद केलीय," आणि माझ्या पोटात गोळा आला. औषधांचं ते ॲप मीच रविवारी तुमच्या फोनवर टाकून दिलं होतं. म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे. फोनवर बोललेलं विसरायला होतं, कागद फाइलमध्ये राहतो.

सोमवारी तुम्हाला स्क्रीनवर लाल पट्टी दिसली: ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र घेतल्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ही माहिती खोटी नाही. दोन्ही गोळ्या रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाहीत, फक्त दोघींची वाट वेगळी. त्यामुळे खरचटलं तर रक्त थांबायला वेळ लागतो आणि पोटात अल्सर असेल तर तो वाहू शकतो.

पण ॲपला तुमच्या छातीत काय आहे ते ठाऊक नाही. त्याच्याकडे औषधांच्या जोड्यांची एक यादी असते. दोन नावं त्या यादीत सापडली की पट्टी येते. झटका येऊन गेलाय, चार महिन्यांपूर्वी स्टेंट टाकलाय, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. स्टेंट म्हणजे धातूची जाळी. शिरेचं आतलं अस्तर तिच्यावर हळूहळू चढतं, आणि ते पुरतं चढेपर्यंत रक्ताच्या दृष्टीने ती परकी वस्तू असते. तिच्यावर प्लेटलेट चिकटल्या तर गुठळी होऊन स्टेंट अचानक बंद पडू शकतो, आणि तो झटका पहिल्यापेक्षा भारी पडू शकतो. एकटी ॲस्पिरिन तिथे पुरत नाही, म्हणून डॉक्टर मुद्दाम दोन्ही देतात. झटक्यानंतर स्टेंट टाकला असेल तर साधारण वर्षभर. कुणाला कमी, कुणाला जास्त, हे डॉक्टर पेशंट बघून ठरवतात. ठरल्याआधी गोळी थांबवणं हे स्टेंट बंद पडण्याचं एक मोठं कारण आहे.

तुम्ही म्हणालात, "दोन दिवस नाही घेतली, काही झालं नाही ना?" बाबा, काही जाणवणारच नाही. क्लोपिडोग्रेलचा, म्हणजे तुमच्या दुपारच्या गोळीचा, परिणाम ज्या प्लेटलेटवर झालाय त्या मरेपर्यंत तशाच राहतात, म्हणजे सात ते दहा दिवस. रोज थोड्या नव्या तयार होतात, त्यांच्यावर औषध नसतं. संरक्षण असं दिवसागणिक, न सांगता उतरत जातं. म्हणूनच मी रात्री साडेनऊला डॉक्टरांच्या नंबरवर फोन लावला. किती गोळ्या चुकल्या ते त्यांनी विचारलं, त्याच वेळी एक घ्यायला सांगितली आणि सकाळी ईसीजीला बोलावलं. चुकलेल्या दोन भरून काढायला आपल्या मनाने तीन घ्यायच्या नाहीत, हेही त्यांनी बजावलं.

आता डॉक्टरांनी रक्तस्रावाचा विचार केला नव्हता का? केला होता. सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती छोटी पॅन्टोप्राझोल त्याच्यासाठीच आहे. तुम्ही तिला "ॲसिडिटीची गोळी" म्हणता आणि जळजळ नसेल त्या दिवशी सोडून देता. ती जळजळीसाठी नाही हो. दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना पोटाच्या अस्तराला जपायला दिली आहे. लाल पट्टीतला धोका डॉक्टरांनी तीन गोळ्यांचा हिशेब मांडून आधीच धरला होता.

आणि खरी काळजीची गोष्ट ॲपला दिसलीच नाही. बुधवारी आईने व्हिडिओ कॉलवर औषधांचा डबा टेबलावर ओतला, तेव्हा तळाशी कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा निघाला. त्यात दोन गोळ्या, आणि मागे नावातली शेवटची तीनच अक्षरं: "फेनॅक". गुडघ्यासाठी मेडिकलमधून सुट्या आणलेल्या. एक्सपायरीची तारीख कापून गेलेल्या भागावर राहिली. मेडिकलवाल्या काकांना विचारलं तेव्हा कळलं की ती डायक्लोफेनॅक आहे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलवर ही पडली की पोटातल्या रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो, शिवाय झटका येऊन गेलेल्या माणसाच्या हृदयालाही ती बरी नाही. आपण ती भरली नव्हती, म्हणून ॲप गप्प बसलं. डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितली आहे आणि गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल किती घ्यायची तेही लिहून दिलंय.

यापुढे पट्टी आली तर एवढं करा. गोळी चालू ठेवा आणि पट्टीचा फोटो काढून मला पाठवा. डब्यातलं सगळं टेबलावर मांडा, सुट्या गोळ्या, काढे, चूर्ण, आईच्या डब्यातून घेतलेलं काही असेल तर तेही, आणि प्रत्येकाच्या मागच्या बाजूचा फोटो घ्या. मग त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सुरुवात स्टेंटच्या तारखेपासून करा, ती डिस्चार्ज कार्डावर आहे. विचारायचं इतकंच: ही जोडी तुम्ही जाणूनबुजून दिली आहे का, किती महिने चालवायची, आणि आता काही बदलायचं का? डॉक्टर भेटले नाहीत तर मेडिकलमधल्या फार्मासिस्टला विचारा. पण त्याच्या सांगण्यावरूनही हृदयाची गोळी थांबवायची नाही, त्याने डॉक्टरांशी बोलावं. दाताचे डॉक्टर दाढ काढण्याआधी "रक्त पातळ होण्याची गोळी पाच दिवस बंद ठेवा" म्हणाले, तरी हेच.

थांबायचं नाही, असं काही मात्र आहे. शौचाला डांबरासारखी काळी झाली, उलटीत किंवा लघवीत रक्त दिसलं, नाक दहा-पंधरा मिनिटं दाबूनही वाहत राहिलं, डोक्यावर पडलात किंवा अचानक कधी नव्हे एवढं डोकं दुखलं, तर फोनाफोनी न करता थेट हॉस्पिटलमध्ये जायचं, सगळ्या स्ट्रिपा सोबत घेऊन. छातीत दुखलं, घाम फुटला तर आधी १०८, मग मला. हिरड्यातून ब्रश करताना थोडं रक्त येणं किंवा हातावर निळसर डाग पडणं यात घाबरण्यासारखं नाही, पण पुढच्या भेटीत सांगा.

आई, तुला एक काम देते. बाबांना सुटी गोळी आणू देऊ नकोस. कापून आणायचीच वेळ आली तर नाव आणि तारीख असलेला भाग मागून घे.

ॲप काढून टाकू नका. वेळेची आठवण ते चांगली करून देतं, पॅन्टोप्राझोलची सुद्धा. शनिवारी सकाळच्या एसटीने येते आहे. तेव्हा डबा समोर घेऊन सगळी औषधं नव्याने भरू, आणि स्टेंटची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावू. तोवर दुपारची गोळी जेवणानंतर, आठवणीने.

तुमची,
मनू